कुबट वास घालवायचा तर आधी पुस्तक कोरडं करा

प्रश्न: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातून आजोबांची साठेक पुस्तकं मार्चमध्ये आमच्या फ्लॅटवर आणली. बहुतेक १९५० ते १९७० मधली, कापडी बांधणीची. कुबट वास खूप होता म्हणून मे महिन्यात दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं, काहींच्या पानांत खाण्याचा सोडाही भुरभुरला. वास गेला असं वाटलं. आता ऑगस्टमध्ये हॉलमधलं लोखंडी कपाट उघडलं की तोच वास. हॉलमध्ये उन्हाळाभर कूलर असतो. कागद आणि बांधणी खराब न करता हा वास कसा घालवायचा?

उत्तर:

तुमच्या पुस्तकांचा वास गेलाच नव्हता. मे महिन्यात कागद कडक वाळला, त्यामुळे वास येणं थांबलं. पावसाळ्यात कागदानं हवेतला ओलावा पुन्हा ओढला आणि वास परत सुटला. म्हणून वास शोषणारी वस्तू कुठली घ्यावी हा विचार नंतर करू. आधी पुस्तकं सावलीत, सावकाश कोरडी करायची, मग ब्रशनं स्वच्छ करायची आणि त्यानंतर बंद डब्यात कोळशाबरोबर ठेवायची. हा क्रम मोडला की मेहनत वाया जाते. एसीची खोली नसेल तर ऑगस्टमध्ये हे काम सुरूच करू नका. ऑगस्टमध्ये काय करायचं ते पुढे सांगतो.

मी जुन्या पुस्तकांच्या बांधणीचं आणि दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तकांत दोन वेगळे वास असतात आणि लोक दोन्हींना कुबटच म्हणतात. पहिला वास कागद जुना झाल्याचा असतो. थोडा गोडसर, थोडा आंबट, कोरडा. स्वस्त कागदातलं लिग्निन आणि सेल्युलोज हळूहळू तुटतं, त्यातून आम्लं आणि इतर वासाची द्रव्यं बाहेर पडतात. हा वास कमी करता येतो, पण तो कागदातच तयार होत असल्यामुळे पूर्ण जात नाही. दुसरा वास बुरशीचा. ओल्या मातीसारखा, अळंबीसारखा, नाकात बसणारा. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासामागे जिऑस्मिन नावाचं द्रव्य असतं, ते काही जातींच्या बुरशीही तयार करतात आणि माणसाच्या नाकाला ते अगदी कणभरही कळतं. पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात दबतो, म्हणजे तुमचा वास हा दुसऱ्या जातीचा आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. प्रत्येक पुस्तकावर ते आहेत आणि कुठलाही उपाय केला तरी राहणार आहेत. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तर ते रुजतात. ७५-८० वर गेली तर काही दिवस पुरतात. कापडी बांधणीत त्यांना खायला आयतं मिळतं, कारण त्या काळच्या पुठ्ठ्याला आणि पाठीला मैद्याची खळ किंवा सरस लावलेला असे आणि बांधणीच्या कापडालाही खळ दिलेली असे. म्हणून वास बहुधा छापील पानांच्या मधोमध येत नाही. तो येतो पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराजवळ, पुठ्ठा जिथे वळतो त्या खाचेत आणि वरच्या कडेवर, जिथे वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते. तुम्ही सोडा टाकलात तो पानांत. वासाचं मूळ त्याच्या बाहेर होतं.

आता कूलरबद्दल. नागपुरात हा मुद्दा मला फार वेळा समजावावा लागतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून पुस्तकांना उन्हाळ्यात धोका नाही असं सगळे धरून चालतात. बाहेरच्या हवेपुरतं ते खरं आहे. नवतप्यात दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. पण कूलरच्या खोलीत आपण दिवसभर पाण्यातून गेलेली हवा भरतो आणि खिडक्या नीट उघड्या नसतील तर तिथली आर्द्रता ६५-७० पर्यंत सहज जाते. रात्री कूलर बंद केला की खोली तापते, सकाळी पुन्हा ओली हवा. म्हणजे तुमच्या कपाटाला एप्रिल ते जून कूलरचा आणि त्याला जोडूनच जून ते सप्टेंबर पावसाचा, असा सहा महिन्यांचा पावसाळा आहे. खसच्या ताट्यांचा वास माणसाला आवडतो, पण पुस्तकं तोही धरून ठेवतात.

उन्हाचं मात्र यापुढे करू नका. १९५०-६० च्या दशकांत बरीच मराठी पुस्तकं लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली गेली आणि त्या कागदात लिग्निन भरपूर असतं. मे महिन्याच्या उन्हात असा कागद काही तासांत पिवळा पडायला लागतो आणि एकदा पिवळा पडला की परत पांढरा होत नाही. पाठीवरचा सरस तडकतो. पुठ्ठ्याची बाहेरची बाजू आधी वाळते, आतली ओलसर राहते, म्हणून पुठ्ठा वाकतो. गच्चीवरून आणलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे टेबलावर ठेवल्यावर कोपरे वर उचलून राहिलेत का, ते बघा. राहिले असतील तर वजनाखाली ठेवून आत्ता सपाट करायला जाऊ नका. कोरडी झाल्यावर बरीचशी आपोआप बसतात. राहिलेल्यांचं नंतर बघता येतं.

सोडा टाकला आहे तो काढावा लागेल. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो. पावसाळ्याच्या ओलीत तो कागदाशी चिकटून राहिला तर लगद्याच्या कागदावर पिवळसर डाग उमटतात. शिवणीजवळ साचलेले कण खरखरीत असतात, पुस्तक उघडताना-मिटताना ते कागदात रुततात. काढायची रीत सोपी आहे, फक्त वेळ लागतो. पुस्तक अर्धवट उघडून पाठ वर आणि पानं खाली अशा तऱ्हेनं दोन्ही हातांत धरा आणि हलकेच हलवा. पाठीवर थापट्या मारू नका, जुनी शिवण सुटते. मग पुस्तक टेबलावर ठेवून दोन-दोन पानं उलटत, शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे मऊ ब्रशनं झाडत जा. ओल्या फडक्याचं नावही काढू नका. कागद कोरडा असताना हे काम चांगलं होतं, म्हणून घाई नसेल तर तेही पुढच्या टप्प्यात, बाकीच्या सफाईबरोबरच करा.

आत्ता, पावसाळ्यात, एवढंच करा. पुस्तकं कपाटातून बाहेर काढा आणि एकेक तपासा. तोंडाला एन-९५ मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी या कामात हात घालू नये. आणि पुस्तकात नाक खुपसून वास घ्यायची सवय तर प्रत्येकानं सोडावी. पांढरे, राखाडी किंवा हिरवट ठिपके दिसले तर जुन्या, वाया जाणाऱ्या ब्रशच्या टोकानं एका ठिपक्याला स्पर्श करा. पुडीसारखा उडाला तर बुरशी सुकलेली आहे. पसरला, चिकटला, डाग ओढला गेला तर ती जिवंत आहे. जिवंत बुरशीचं पुस्तक झाडायचं नसतं, कारण झाडण्यानं ती कागदाच्या धाग्यांत घुसते. असं पुस्तक कागदी पिशवीत घालून इतरांपासून वेगळं, पंख्याच्या कोरड्या खोलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते. पानांवरचे तपकिरी, गंजासारखे ठिपके मात्र बहुतेक वेळा जुने डाग असतात. ते कुठल्याही घरगुती उपायानं जात नाहीत, त्यांना हात लावू नका.

बाकीची पुस्तकं उभी, सैल, मध्ये हवा खेळेल अशी ठेवा. कूलर आता बंदच असेल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा विचार नको. पंखा हळू चालू ठेवा, पण झोत पुस्तकांवर नको. थांबलेल्या हवेत बुरशी लवकर धरते, हलत्या हवेत तिला वेळ लागतो. घरात एसीची खोली असेल तर तिथे ड्राय मोडवर दुपारचे काही तास ठेवली तरी फरक पडतो. नसेल तर खरं वाळवणं दसऱ्यानंतर, पाऊस मागे सरला की करायचं. आपल्याकडे नोव्हेंबरपासून दुपारची हवा बरी कोरडी होते आणि फेब्रुवारी-मार्च, कूलर लागायच्या आधीचे दिवस, तर या कामाला सर्वांत चांगले. दसऱ्याला पुस्तकांची पूजा करता ना, तेव्हा एक सांभाळा. ओली फुलं आणि हळदकुंकू थेट जुन्या पुस्तकावर नको, पुस्तकावर एक कोरा कागद पसरून त्यावर वाहा. हळदीचा डाग कापडी पुठ्ठ्यावरून निघत नाही.

वाळवण्यात सगळ्यात मोठी अडचण ही असते की पुस्तक कोरडं झालं हे हाताला कळत नाही. वरचं पान कोरडं लागतं, आतल्या फर्म्यांमध्ये, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यांमध्ये, ओल असते. यासाठी मी एक साधी चाचणी करतो आणि तुम्ही याच गोष्टीसाठी दोन-चारशे रुपये खर्च करा असं मी आग्रहानं सांगेन. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर विकत घ्या. मग घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पुस्तकांनी साधारण दोन-तृतीयांश भरा, मीटर आत ठेवा, झाकण लावा आणि चोवीस तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मीटरवर जो आकडा दिसेल तो बाहेरच्या हवेचा नसतो, तो तुमच्या कागदाचा असतो. कागदात ओल धरून ठेवायची ताकद हवेपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे बंद डब्यातली थोडीशी हवा कोरडी राहणार की दमट, हे पुस्तकंच ठरवतात.

याच कारणामुळे ओलसर पुस्तकं कोळशाबरोबर डब्यात बंद करणं धोक्याचं आहे. डब्यातली आर्द्रता ७० वर स्थिरावते आणि तुम्ही बुरशीसाठी बंद, अंधारी, दमट खोली तयार करून देता. कोळसा वास शोषत राहतो, पहिले दहा दिवस सगळं ठीक वाटतं आणि महिन्याभरानं झाकण उघडलं की पुठ्ठ्यांवर पांढरी लव दिसते. बंद डब्याचा आकडा ५५ च्या खाली आल्याशिवाय वास काढण्याचा टप्पा सुरू करू नका. ४५ ते ५० मिळाला तर उत्तम. ३५ च्या खालीही नेऊ नका. फार कोरड्या कागदाला घडीवर चिरा जातात, पुठ्ठे वाकतात, चामड्याची पाठ असेल तर ती आकसते.

लोक विचारतात की मग बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून काम होणार नाही का? हिशेब बघा. दहा किलो पुस्तकांत पावसाळ्यातून कोरड्या अवस्थेत यायला साधारण चारशे ग्रॅम पाणी बाहेर काढावं लागतं. सिलिका जेल अशा मध्यम आर्द्रतेला आपल्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास पाणी धरतं. म्हणजे दीड ते दोन किलो जेल हवं. पुड्यांनी काही होत नाही. पाच-सहा मौल्यवान पुस्तकं असतील आणि पावसाळ्यातच कोरडी करायची असतील तर किलोच्या हिशेबानं रंग बदलणारं जेल घेऊन काम होतं. साठ पुस्तकांना हवेनंच वाळवा. आणि जेल ओल काढतं, कुबट वास घालवायचं काम त्याच्यावर सोडू नका.

एक काम नीट उलगडून सांगतो. धंतोलीतल्या एका घरातून माझ्याकडे एक खोकं आलं होतं, त्यात १९६१ सालचं एक जाड कापडी पुस्तक होतं. चारशे पानं, मधल्या फर्म्यांची शिवण घट्ट, पुठ्ठा आणि पाठ जिथे वळते त्या खाचेत करडी पूड. अस्तर पुठ्ठ्यापासून एका कोपऱ्यात सुटलेलं. वास सगळा तिथून. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. त्या खोक्यातली तशीच दहा-बारा पुस्तकं एका डब्यात घालून मीटर ठेवला तेव्हा दुसऱ्या दिवशी ७१ आला. म्हणजे पाऊस संपून महिना होत आला होता, खोलीत मीटर दुपारी ४८ दाखवत होता आणि पुस्तकं अजून सप्टेंबरातच होती.

पुस्तकं लाकडी फळीवर उभी केली, पुठ्ठे दोन-तीन बोटं उघडे राहतील इतकीच पंख्यासारखी पसरली. फार उघडली की जाड पुस्तकाच्या पाठीवर वजन पडतं. खिडकीचा पडदा लावलेला, पंखा भिंतीकडे तोंड करून हळू. रोज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत खिडकी बंद, कारण नोव्हेंबरात पहाटेची हवा दमट असते. पुस्तकं दर दुसऱ्या दिवशी उलटी उभी केली, म्हणजे आज वरची कड वर, नंतर खालची. आठवड्याभरानं पुन्हा डब्याची चाचणी घेतली तर ६० आला. आणखी तितकाच वेळ दिल्यावर ५१. तेव्हा कुठे ब्रश हातात घेतला.

ब्रशचं काम गॅलरीत, वारा आपल्यापासून दूर जात असताना करायचं. बकरीच्या केसांचा किंवा तसाच मऊ, दीड-दोन इंच रुंद ब्रश पुरतो, रंगाच्या दुकानात मिळतो. त्याचे केस गालाला टोचत नाहीत ना एवढं बघा. पुस्तक मिटलेलं, घट्ट दाबून धरा म्हणजे कडेवरची धूळ पानांत शिरणार नाही. वरची कड आधी, पाठीकडून समोरच्या कडेकडे, एकाच दिशेनं. मागे-पुढे घासलं की धूळ आत ढकलली जाते. मग समोरची आणि खालची कड. त्यानंतर पुठ्ठा उघडून, त्याच्याखाली दुसऱ्या पुस्तकाचा आधार देऊन, ती खाच आणि अस्तर. १९६१ च्या त्या पुस्तकात सुटलेल्या अस्तराखाली बारीक ब्रश घातला तर चिमूटभर करडी भुकटी निघाली. वासाचं मोठं घर तेवढंच होतं. पुढची आणि मागची दहा-वीस पानं एकेक करून झाडली, मधली नुसती चाळली. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर इथे वापरू नका. त्याची जाळी बीजाणू अडवत नाही, मागच्या बाजूनं खोलीभर उडवते. हेपा फिल्टरचा असेल तर सर्वांत कमी जोरावर, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून, फक्त कडांपुरता चालतो. काम झाल्यावर ब्रश साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा.

आता कोळसा. इस्त्रीवाल्याकडचा किंवा शेगडीचा कोळसा नको. त्यात शोषून घेणारी सूक्ष्म छिद्रं फारशी उघडलेली नसतात, वर तो काळी पूड सोडतो आणि स्वतःचा धुरकट वास देतो. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हवा, दाणेदार, भुकटी नव्हे. पाण्याच्या फिल्टरसाठी आणि माशांच्या टाकीसाठी तो मिळतो. पन्नास लिटरच्या डब्याला दोनशे ते अडीचशे ग्रॅम पुरतो. तो खोल वाटीत ढीग करून ठेवण्यात अर्थ नाही. पसरट ताटलीत एका बोटापेक्षा कमी जाडीचा थर द्या आणि वरून पातळ सुती कापड बांधा, म्हणजे दाणे सांडणार नाहीत. ताटली तळाशी, तिच्यावर जाळीची फळी किंवा उलटी टोपली आणि तिच्यावर पुस्तकं उभी, पुठ्ठे थोडे उघडे. कोळशाचा आणि कागदाचा स्पर्श कुठेही होऊ नये. मीटर आतच राहू द्या.

खाण्याचा सोडा बाद नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. तो आम्लांशी संयोग करतो, त्यामुळे जुन्या कागदाच्या आंबट वासावर थोडाफार चालतो. ओल्या मातीसारखा वास देणारी द्रव्यं आम्लं नसतात, त्यांच्यावर सोड्याचा जोर चालत नाही. कोळसा मात्र दोन्ही धरतो. पुस्तकं आंबटही वाटत असतील तर वेगळ्या ताटलीत पाव किलो सोडाही ठेवा, पानांत मात्र कधीच नाही.

डबा सावलीत, पण थंड फरशीवर नको. थोडी ऊब असेल तर कागद वास लवकर सोडतो. थंड फरशीवर डब्याच्या तळाशी ओल धरते. आठवड्यातून एकदा उघडायचा, मीटर बघायचा, पुस्तकं दुसऱ्या पानांवर उघडून ठेवायची. दोन आठवड्यांनी कोळसा बदलायचा. वास गेला का, हे आपल्या नाकावर सोडू नका. त्या वासात काम करताना पाच मिनिटांत नाक सरावतं. मी पुस्तकाच्या दोन-तीन ठिकाणी कोऱ्या पांढऱ्या टीपकागदाच्या पट्ट्या घालतो, पुस्तक स्वच्छ पिशवीत रात्रभर बांधून ठेवतो आणि सकाळी पट्टी बाहेरच्या हवेत नेऊन घरातल्या दुसऱ्या माणसाला वास घ्यायला देतो. पट्टीला वास नसेल तर काम झालं. अस्तराजवळच्या पट्टीला येतो आणि मधल्या पट्टीला येत नाही, असंही होतं. तेव्हा डब्यात आणखी दिवस घालण्याऐवजी ते अस्तर पुन्हा झाडा. त्या १९६१ च्या पुस्तकाचं असंच झालं. तीन आठवड्यांनी मधली पट्टी स्वच्छ आली, अस्तराची नाही. पुन्हा ब्रश फिरवून आणखी पंधरवडा ठेवल्यावर तीही स्वच्छ आली. जुन्या कागदाचा हलका आंबटपणा शेवटपर्यंत राहिला आणि तो राहणारच होता.

डबा दीड-दोन महिने चालवूनही मातीसारखा वास तसाच असेल तर आणखी कोळसा ओतू नका. पाठीच्या आत, सरसाच्या थरात बुरशी असण्याची शक्यता मोठी, आणि ते बांधणी उघडल्याशिवाय साफ होत नाही.

बाजारात आणि घरोघरी जे इतर उपाय सांगितले जातात त्यांतले बरेच पुस्तकाला इजा करतात. डांबराच्या गोळ्या आणि कापूर वासावर वास चढवतात. डांबरगोळीचा वास कागदात वर्षानुवर्षं राहतो आणि ती वाफ बंद खोलीत माणसालाही चांगली नाही. अत्तर, धूप, सुगंधी पुड्यांचंही तेच, शिवाय तेलाचे डाग. डेटॉल, व्हिनेगर, ब्लीच कागदाला लावूच नका. मायक्रोवेव्हमध्ये पुस्तक ठेवायचा सल्लाही फिरत असतो. त्यात सरस वितळतो आणि स्टेपलच्या तारा असतील तर कागद पेटूही शकतो. फ्रीजरमध्ये ठेवल्यानं बुरशीची वाढ थांबते, बीजाणू मरत नाहीत आणि वास जात नाही. ओझोनची यंत्रं वास झटपट काढतात हे खरं, पण ओझोन कागदाच्या धाग्यांनाच खातो. कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेलाच. ओला पाला ठेवला की तुम्ही कपाटात पाणी ठेवलंत.

स्वच्छ झालेली पुस्तकं त्याच कपाटात ठेवण्याआधी कपाट रिकामं करा, कोरड्या फडक्यानं आणि मग स्पिरिटच्या फडक्यानं आतून पुसा, दोन दिवस उघडं ठेवा. कूलरच्या समोरून ते हलवा, दुसऱ्या खोलीत नेता आलं तर सर्वांत चांगलं. नाही नेता आलं तर निदान झोताच्या रेषेतून बाजूला करा, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. पत्रा रात्री भिंतीबरोबर थंड होतो आणि मागच्या रांगेतल्या पुस्तकांवर दमट हवेची ओल बसते. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. पुस्तकं इतकी सैल ठेवा की एक ओढताना शेजारची हलली पाहिजेत. मीटर कपाटातच मधल्या कप्प्यावर ठेवून द्या. पावसाळ्यात तो ६५ च्या वर सलग तीन-चार दिवस दिसला तर दारं उघडून पंखा लावा आणि पाऊस नसलेल्या दुपारी पुस्तकं बाहेर काढून मोकळी करा. साठ पुस्तकांना तासाभराचं काम आहे.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. जिवंत बुरशी पसरलेलं पुस्तक, चामड्याची पाठ हाताला लालसर पूड सोडत असेल ते, टाकानं किंवा बोरूनं लिहिलेल्या वह्या आणि पोथ्या, आणि चकचकीत आर्ट पेपरचं ओलसर पुस्तक. आर्ट पेपरची पानं ओलीत एकमेकांना चिकटतात आणि ओढून सोडवली की छपाई निघून येते. ती पानं चिकटलेलीच राहू द्या आणि पुस्तक आहे तसं जाणत्या माणसाकडे न्या. नेताना कोऱ्या, जाड कागदात गुंडाळा आणि कुठे भिजलं होतं, त्यावर काय-काय टाकलं होतं, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. तुमच्या बाबतीत सोडा कोणत्या पुस्तकांत टाकला त्यांची यादीही द्या, कारण कागद बघून ते प्रत्येक वेळी ओळखता येत नाही.